रखवालदाराच्या हातातली काठी

ब्लेंडरमध्ये एक रखवालदार उभा आहे. उंची १.७० मीटर, अंगात खाकी सदरा, डोक्याला मफलर. त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवलेला आहे. सांगाडा हलवला की रखवालदार चालतो, थांबतो, मान वळवून मागे बघतो. हे सगळं एका फाइलमध्ये भरून युनिटी या गेम इंजिनात नेलं. तिथंही तो नीट दिसतो. उंची बरोबर, चालही बरोबर. मग दीड मीटरची एक काठी त्याच्या उजव्या हाताच्या हाडावर आणून सोडली, आणि काठी दीडशे मीटरची झाली.

चूक काठीत नाही. ती रखवालदारात आधीपासूनच होती, फक्त दिसत नव्हती. ब्लेंडरमधून पात्र बाहेर काढताना होणाऱ्या बहुतेक घोटाळ्यांची हीच तऱ्हा असते. पात्र दिसायला ठीक असतं, कारण दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात. त्या पात्राच्या हातात काही द्यायची, त्याला कोणाकडे बघायला लावायची किंवा त्याला जमिनीवर पाडायची वेळ येते तेव्हा झाकलेलं उघडं पडतं. तोवर त्याच्यावर महिनाभराचं काम चढलेलं असतं. म्हणून मी तरी पात्र इंजिनात आल्याबरोबर आधी त्याच्या हातात एक काठी देऊन बघते.

नव्या वाचकांसाठी थोडं मागे जाते. ब्लेंडर हे त्रिमितीय आकृत्या घडवण्याचं मोफत सॉफ्टवेअर. त्यात पात्राची कातडी म्हणजे मेश, आणि आतला सांगाडा म्हणजे आर्मेचर. कातडीचा कुठला भाग कुठल्या हाडामागे किती जाईल हे ठरवून दिलं की पात्र ‘रिग’ झालं असं म्हणतात. गेम मात्र ब्लेंडरमध्ये चालत नाही. तो युनिटी, अनरिअल किंवा गोडो यांसारख्या इंजिनात चालतो. मधला प्रवास बहुतेक वेळा एफबीएक्स नावाच्या फाइलमधून होतो. ही फाइल जन्मली कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या कायदारा कंपनीच्या फिल्मबॉक्स या सॉफ्टवेअरसाठी. २००६पासून ती ऑटोडेस्कच्या मालकीची आहे. तिच्या आतल्या रचनेचा संपूर्ण तपशील जाहीर नाही, आणि ती वाचण्या-लिहिण्यासाठी ऑटोडेस्क जी साधनं देतं त्यांच्या अटी ब्लेंडरच्या मुक्त परवान्यात बसत नाहीत. त्यामुळे ब्लेंडरच्या मंडळींनी फाइली उघडून, त्यांतली रचना ओळखून स्वतःचा एक्सपोर्टर लिहिला. तो चांगला आहे. पण त्याच्या काही सवयी माहीत असल्या पाहिजेत, आणि त्यातली पहिली सवय शंभर या आकड्याची आहे.

ब्लेंडरमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर. युनिटीतही एक एकक म्हणजे एक मीटरच. पण मधल्या एफबीएक्स फाइलचं मूळ माप सेंटिमीटर आहे. रखवालदाराची उंची ब्लेंडरमध्ये १.७० अशी लिहिलेली असते, फाइलमध्ये ती १७० व्हायला हवी. ब्लेंडरचा एक्सपोर्टर कातडीचे हजारो बिंदू आणि प्रत्येक हाड शंभरपट करत बसत नाही. तो बिंदू आहेत तसेच ठेवतो आणि संपूर्ण आर्मेचरच्या कपाळावर ‘स्केल १००’ असं लिहून देतो. युनिटी फाइल उघडते, माप सेंटिमीटरमध्ये आहे असं धरते, आणि १.७० सेंटिमीटरचा इवलासा रखवालदार तयार करते. मग कपाळावरचा शंभर वाचून त्याला शंभरपट मोठं करते. हिशेब जुळतो, १.७० मीटरचा माणूस समोर उभा राहतो.

युनिटीत कुठलीही वस्तू दुसऱ्या वस्तूच्या पोटात ठेवली की पालकाचं स्केल तिला लागू होतं. हाताचं हाड आर्मेचरच्या पोटात आहे, काठी हाताच्या पोटात गेली, म्हणून वरचा शंभर तिलाही लागला. काठी मात्र आधीच बरोबर मापाची होती. तिचं आकारमान आधी शंभरावा भाग झालेलं नव्हतं, त्यामुळे तिच्या बाबतीत हिशेब फिटत नाही.

हे ओळखायला काठीचीही गरज नाही. युनिटीत पात्र आणल्यावर त्याच्या नावाशेजारचा बाण उघडावा आणि आत ‘Armature’ नावाच्या ओळीवर क्लिक करावं. उजवीकडे ‘Transform’मध्ये ‘Scale’च्या तीन रकान्यांत १, १, १ असेल तर ठीक. तिथं १००, १००, १०० दिसलं तर पात्र कितीही देखणं असो, परत ब्लेंडरमध्ये जायचं.

उपाय एका ओळीचा आहे. ब्लेंडरच्या एफबीएक्स एक्सपोर्टच्या खिडकीत ‘Apply Scalings’ नावाची निवड असते. ती मुळात ‘All Local’वर ठेवलेली असते. ती बदलून ‘FBX Units Scale’ करायची. आता एक्सपोर्टर शंभरचा आकडा आर्मेचरवर न लिहिता फाइलच्या माथ्यावर लिहितो: या फाइलमधलं एक एकक म्हणजे १०० सेंटिमीटर. युनिटीच्या इम्पोर्टमधलं ‘Convert Units’ सुरू असलं, आणि ते मुळात सुरूच असतं, की युनिटी ही नोंद वाचते. आर्मेचरवर १ येतो, हाडांवर १ येतो आणि काठी दीड मीटरची राहते.

मात्र हे सगळं खरं ठरतं ते ब्लेंडरमधला रखवालदार स्वतः स्वच्छ असेल तरच. समजा त्याला घडवताना मापाकडे लक्ष गेलं नाही आणि तो १७ एककं उंच झाला. नंतर कुणाच्या तरी ध्यानात आलं, त्याने आर्मेचर निवडून एस दाबलं, ०.१ लिहिलं. रखवालदार १.७० मीटर दिसू लागला. पण ब्लेंडरने हाडं लहान केलेली नाहीत. त्याने आर्मेचरच्या स्केलवर ०.१ लिहिलं आहे. एक्सपोर्ट करताना हा ०.१ तसाच पुढे जातो, आणि हातातली काठी आता १५ सेंटिमीटरची होते. म्हणून आर्मेचर आणि मेश दोन्ही एकदम निवडून कंट्रोल-ए दाबायचं आणि ‘Scale’ लागू करायचं. आता हाडं खरोखर लहान होतात आणि स्केलच्या जागी १ येतो.

इथं एक खड्डा आहे आणि तो फार जणांना माहीत नसतो. स्केल लागू करताना ब्लेंडर हाडं बदलतो, पण आधी नोंदवलेल्या हालचाली बदलत नाही. हाडांचं वळणं अंशांत नोंदवलेलं असतं, त्यामुळे मापाचा त्याच्याशी संबंध नाही. गुडघा ४० अंश वाकायचा तो ४० अंशच वाकतो. पण कमरेचं हाड चालताना खालीवर सरकतं, आणि ते सरकणं एककांत नोंदवलेलं असतं. सतरा एकक उंचीच्या रखवालदाराची कंबर प्रत्येक पावलाला ०.४ एकक खाली जात होती. आर्मेचरवरच्या ०.१मुळे ती डोळ्यांना ४ सेंटिमीटर वाटायची, अगदी माणसासारखी. आता आर्मेचर १वर आलं, पण नोंद ०.४च राहिली. रखवालदार पावलागणिक ४० सेंटिमीटर खाली बसतो, पाय जमिनीत जातात. लोक हे बघून एक्सपोर्टला दोष देतात. प्रत्यक्षात तीच उठबस ब्लेंडरमध्येही दिसते, फक्त स्केल लागू केल्यावर चाल पुन्हा सुरू करून बघायला हवी.

दुरुस्ती ग्राफ एडिटरमध्ये होते. सगळी हाडं निवडायची, वाहिन्यांच्या शोधखान्यात ‘Location’ लिहायचं, म्हणजे फक्त सरकण्याच्या रेषा उरतात. ‘Pivot’ २डी कर्सरवर ठेवायचा आणि कर्सरची उभी किंमत शून्य करायची. मग सगळे बिंदू निवडून एस, वाय, ०.१. प्रत्येक ॲक्शनसाठी हे वेगळं करावं लागतं. हाडांवर ‘Stretch To’सारखी बंधनं असतील तर त्यांची मूळ लांबीही ‘Reset’ दाबून नव्याने बसवावी लागते, कारण बंधनांतली अंतरंही ब्लेंडर बदलत नाही. दहा-बारा ॲक्शन असतील तर यात संध्याकाळ जाते. म्हणून माप ठरवायची खरी वेळ पहिलं हाड टाकण्याआधीची. ब्लेंडरमध्ये १.७ मीटर उंचीचा एक खोका ठेवून त्याच्या शेजारी पात्र घडवलं की हा प्रश्नच उद्भवत नाही.

माप फक्त दिसण्यापुरतं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी १७ मीटरचा रखवालदार युनिटीत गच्चीवरून खाली टाकून बघावा. युनिटीतलं गुरुत्वाकर्षण ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग असं बसवलेलं असतं. कॅमेरा मागे नेऊन तो माणसाएवढा दिसला तरी पडताना तो तरंगत खाली येतो, कारण दहापट उंचीच्या माणसाला स्वतःच्या उंचीइतकं अंतर पडायला तीनपटीहून जास्त वेळ लागतो.

आता अक्ष. ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेडची, आणि समोरून बघण्याचं दृश्य असं बसवलेलं आहे की पात्राचं तोंड उणे वायकडे असतं. युनिटीत वरची दिशा वायची आणि पुढची दिशा झेडची. शिवाय दोघांचे हात वेगळे आहेत. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना काटकोनात धरून त्यांना क्रमाने एक्स, वाय, झेड म्हटलं की ब्लेंडरची रचना तयार होते. युनिटीची रचना डाव्या हाताने करावी लागते. कितीही फिरवलं तरी उजव्या हाताचा डावा होत नाही, त्यामुळे युनिटी फाइल वाचताना एक्सची दिशा उलटवते. त्याने रखवालदार आरशात गेल्यासारखा होत नाही. ब्लेंडरमध्ये त्याचा डावा हात अधिक एक्सकडे असतो आणि युनिटीत उणे एक्सकडे, पण तो त्याचा डावाच हात राहतो, कारण बघण्याची चौकटही तेवढीच उलटलेली असते.

एक्सपोर्टच्या खिडकीत दोन निवडी दिसतात: ‘Forward’ मुळात ‘-Z Forward’वर आणि ‘Up’ मुळात ‘Y Up’वर. पहिली वाचून बरेच जण दचकतात. युनिटीत पुढची दिशा अधिक झेड आहे, मग इथं उणे का? ते ती बदलून ‘Z Forward’ करतात आणि रखवालदार पाठमोरा चालू लागतो. गंमत अशी की इथला ‘Forward’ ब्लेंडरच्या अधिक वायबद्दल बोलतो. ब्लेंडरचं अधिक वाय उणे झेडला जातं. आपला रखवालदार उणे वायकडे तोंड करून उभा आहे, म्हणून तो आपोआप अधिक झेडला जातो आणि युनिटीत सरळ पुढे बघतो. दोन्ही निवडी आहेत तशाच ठेवाव्यात. रखवालदार मागे तोंड करून आला तर त्याला ब्लेंडरमध्येच वळवून, ‘Rotation’ लागू करून मग पुन्हा काढावं.

तरीही युनिटीत आर्मेचरवर एक्सभोवती उणे ९० अंश दिसतात, कधी उणे ८९.९८. झेड वर असलेली दुनिया वाय वर असलेल्या दुनियेत आडवी पडते, आणि ती उभी करण्यासाठी एक्सपोर्टरने हे वळण आर्मेचरवर लिहिलेलं असतं. शंभरच्या आकड्यासारखीच ही सवय. फरक असा की रिग केलेल्या पात्राच्या बाबतीत हे वळण बहुधा निरुपद्रवी असतं. गेममध्ये आपण हलवतो ती सगळ्यात वरची वस्तू, आणि तिच्यावर वळण नसतं. खालची हाडंही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, सरळ येतात. मधल्या एका ओळीत उणे ९० असले म्हणून काही अडत नाही. माझं मत स्पष्ट आहे: स्केलचा शंभर कधीही चालवून घेऊ नये, पण आर्मेचरवरच्या उणे ९०च्या मागे रात्र घालवू नये. त्याच्या मागे लागून कुणी एक्सपोर्टमधलं ‘Apply Transform’ सुरू करतं. ब्लेंडर स्वतः तिथं धोक्याची खूण दाखवतो, आणि आर्मेचर व हालचाली असतील तर त्या खरोखर बिघडतात.

काठीसारख्या बिनहाडाच्या वस्तूला मात्र हेच ‘Apply Transform’ उपयोगी पडतं. तिथं बिघडायला हालचाल नसते, आणि वळण थेट बिंदूंमध्ये मुरतं. काठी ब्लेंडरमध्ये झेडच्या दिशेने उभी करावी, तिचा मूळबिंदू मुठीच्या जागी ठेवावा आणि या खुणेसह बाहेर काढावी. युनिटीत ती वायच्या दिशेने उभी, शून्य वळणाची, १ स्केलची मिळते. हे न करता काढली तर तिच्या स्वतःच्या माथ्यावर उणे ९० असतात, आणि हातात देताना कोडने वळण शून्य केलं की काठी आडवी पडते.

राहिली हाडांची दिशा. मला स्वतःला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण इथं पात्राच्या अंगाची रचना कळावी लागते.

ब्लेंडरमधल्या हाडाला दोन टोकं असतात, मूळ आणि शेंडा. मुळापासून शेंड्याकडे जाणारी रेषा हा त्या हाडाचा स्वतःचा वाय अक्ष. ही व्यवस्था ठरलेली आहे, ती बदलत नाही. एक्स आणि झेड या वायभोवती कसे फिरलेले आहेत ते ‘Roll’ नावाच्या कोनाने ठरतं. नुसतं हाड बघून रोल कळत नाही. आर्मेचरच्या गुणधर्मांत ‘Viewport Display’खाली ‘Axes’ची खूण केली की प्रत्येक हाडाच्या टोकाशी तीन छोटे अक्ष दिसू लागतात. रिगचं काम करताना ही खूण कायम चालू असावी.

रखवालदाराच्या डोक्याचं हाड घेऊ. ते मानेपासून टाळूकडे सरळ वर जातं, म्हणजे त्याचा वाय वर आहे. रोल शून्य असेल तर त्याचा झेड उणे वायकडे, म्हणजे नाकाच्या दिशेने, बाहेर येतो. एक्सपोर्टमध्ये ‘Primary Bone Axis’ वायवर आणि ‘Secondary Bone Axis’ एक्सवर, म्हणजे मूळ निवडींवर, असतील तर ही दिशा तशीच युनिटीत पोचते. आर्मेचरचे उणे ९० आणि उभ्या हाडाचे अधिक ९० एकमेकांना खाऊन टाकतात. युनिटीत डोक्याच्या हाडाचा वाय वर आणि झेड समोर असतो, आणि युनिटीला नेमकं हेच हवं असतं. मग कोडच्या या चार ओळींत रखवालदार चोराकडे बघू लागतो:

```csharp
void LateUpdate()
{
    head.LookAt(thief);
}
```

`LookAt` हाडाचा झेड लक्ष्याकडे वळवतो. `Update` ऐवजी `LateUpdate` लिहायचं, कारण चालण्याची हालचाल आधी हाडांवर लिहिली जाते आणि आपलं वळण तिच्यानंतर यायला हवं.

आता समजा त्याच हाडाचा रोल चुकून ९० अंश आहे. ब्लेंडरमध्ये रखवालदार तसाच दिसतो. चाल तशीच. युनिटीत आणला तरी तसाच. पण `LookAt` चालवलं की तो चोराकडे कान करून उभा राहतो, कारण झेड आता नाकातून न येता कानातून बाहेर येतो आहे. कोड लिहिणारा मग ९० अंशांची जोड देऊन वेळ मारून नेतो. पुढच्या पात्राच्या डोक्याला वेगळा रोल असतो, त्याला वेगळी जोड लागते, आणि प्रत्येक पात्रासाठी वेगळा कोड तयार होतो.

योग्य जागा ब्लेंडरची. एडिट मोडमध्ये डोक्याचं हाड निवडून शिफ्ट-एन दाबलं की रोल नव्याने काढण्याच्या पद्धतींची यादी येते. त्यातली ‘Global -Y Axis’ निवडली की हाडाचा झेड शक्य तितका चेहऱ्याच्या दिशेने वळतो. कणा, मान, डोकं यांना हीच निवड चालते. कोपर आणि गुडघा यांच्या बाबतीत मी एक नियम पाळते: सांधा ज्या अक्षाभोवती वाकतो तो अक्ष त्या संपूर्ण अवयवात एकच असावा, मांडीला एक्स तर पोटरीलाही एक्स, आणि डाव्या-उजव्या बाजू एकमेकींच्या प्रतिमा असाव्यात. हेही हालचाली नोंदवण्याआधी करायचं. रोल बदलला की आधीच्या हालचालींमधली वळणं नव्या अक्षांवर लागू होतात, आणि पुढे वाकणारी कंबर कडेला झुकते.

युनिटीत पात्र ‘Humanoid’ म्हणून आणलं तर एका पात्राची चाल दुसऱ्याला देताना रोल आड येत नाही, कारण युनिटी हाडांना माणसाच्या ठरलेल्या सांध्यांशी जोडून हालचाल त्या भाषेत साठवते. पण हाड थेट हाताळायचं असेल, म्हणजे बघायला लावणं किंवा हातात वस्तू देणं, तर हाडाचे खरे अक्षच कामी येतात.

आणि इथं काठी परत येते. हाताच्या हाडाचा वाय मनगटाकडून बोटांकडे जातो. काठीचा वाय तिच्या लांबीत. शून्य वळणाने काठी हाताच्या पोटात ठेवली की ती बोटांच्या रेषेत पुढे निघते, मुठीत आडवी बसत नाही. कोडमध्ये आकडे घालून ती वळवता येते, पण त्याहून चांगला मार्ग रिगमध्ये आहे. उजव्या हाताच्या हाडाला एक छोटं पोरहाड जोडायचं. मूळ तळव्याच्या मध्यावर, शेंडा अंगठ्याच्या बाजूला, म्हणजे मुठीत धरलेली काठी जिकडे वर जाईल तिकडे. नाव ‘prop.R’. युनिटीत काठी या हाडाच्या पोटात शून्य जागा, शून्य वळण, १ स्केल देऊन ठेवली की ती बरोबर मुठीत उभी राहते. उद्या काठीच्या जागी कंदील दिला तरी कोडला हात लावावा लागत नाही.

यात एक अडचण येते. एक्सपोर्टमध्ये ‘Only Deform Bones’ची खूण करण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. रिगमध्ये हालचाल सोपी करण्यासाठी घातलेली नियंत्रणाची हाडं असतात, ती त्यामुळे इंजिनात जात नाहीत. पण ‘prop.R’ कातडी हलवत नाही, म्हणून तेही गळून पडतं. त्याच्या गुणधर्मांत ‘Deform’ची खूण करून ठेवावी. मात्र कातडी सांगाड्याला जोडून झाल्यावर, नाहीतर आपोआप वजन वाटताना तळव्याची कातडी या हाडालाही चिकटते.

शेजारीच ‘Add Leaf Bones’ची खूण असते आणि ती मुळात चालू असते. इंजिनासाठी हाड म्हणजे जागा आणि दिशा असलेला एक सांधा, त्याला शेंडा नसतो. बोटाच्या शेवटच्या पेराची लांबी हरवू नये म्हणून एक्सपोर्टर शेंड्यावर ‘_end’ नावाचं आणखी एक हाड टाकतो. गेममध्ये त्याचा उपयोग नाही, दहा बोटांमागे दहा हाडं वाढतात. ही खूण काढून टाकावी. शेंडा नसण्याचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवावा: तीच एफबीएक्स फाइल परत ब्लेंडरमध्ये उघडली की हाडं वेड्यावाकड्या दिशांना दिसू शकतात, कारण शेंडे कुठे होते हे ब्लेंडरला अंदाजाने ठरवावं लागतं. एक्सपोर्ट बरोबर झाला का हे इंजिनातच बघायचं असतं.

अनरिअल इंजिनात नेताना हिशेब थोडा बदलतो. तिथं एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर, वरची दिशा झेड. शंभरचा आकडा तिथं मूळ हाडावर बसतो आणि सॉकेटला लावलेली काठी, कपड्यांचं किंवा पडण्याचं भौतिकशास्त्र यांत उपद्रव करतो. तिथला खात्रीचा मार्ग असा: ब्लेंडरच्या सीनमध्ये ‘Unit Scale’ ०.०१ करायचं, रखवालदाराला शंभरपट मोठा करून स्केल लागू करायचं, म्हणजे तो १७० एकक उंच होतो आणि ब्लेंडर, फाइल, अनरिअल तिघांचंही माप एकच होतं. हालचाली आधीच्या असतील तर ‘Location’च्या रेषा या वेळी शंभरपट. दृश्यात दूरचे भाग कापले जाऊ लागतील, त्यासाठी ‘View’ पटलातला ‘End’ वाढवायचा. आर्मेचरचं नाव बदलून ‘रखवालदार’ वगैरे ठेवण्याचा मोह टाळावा, ते ‘Armature’च असू द्यावं. हे नाव अनरिअलला ओळखीचं आहे आणि ते ती पायरी गाळतं. दुसरं नाव असेल तर आर्मेचर स्वतःच एक हाड बनून सगळ्यांच्या वर बसतं आणि आपण बनवलेलं मूळ हाड दुसऱ्या पायरीवर जातं. तोंडाची दिशा उणे वायच ठेवावी. अनरिअलमध्ये ती अधिक वाय होते, तिथल्या तयार मानेकिनप्रमाणेच, आणि पात्राच्या ब्लूप्रिंटमध्ये मेश झेडभोवती उणे ९० वळवला की तो पुढे बघतो. त्या मानेकिनच्या हाडांत मात्र लांबीचा अक्ष एक्स आहे. म्हणून कुणी एक्सपोर्टमध्ये ‘Primary Bone Axis’ एक्स करतं. माझ्या मते ते टाळावं आणि चाल उसनी घ्यायची असेल तर अनरिअल ५मधला आयके रिटार्गेटर वापरावा, तो वेगवेगळ्या दिशांच्या हाडांमध्ये हालचाल नीट नेतो.

गोडोसाठी एफबीएक्सऐवजी जीएलटीएफ वापरावी. ख्रोनोस समूहाने २०१७मध्ये तिची दुसरी आवृत्ती जाहीर केली, आणि तिच्या नियमांतच लिहिलेलं आहे की माप मीटरमध्ये, वरची दिशा वाय, पात्राची पुढची दिशा अधिक झेड. अंदाजाला जागा नाही, म्हणून शंभरचा घोळ तिथं होत नाही. पण हाडाचा रोल कसा असावा हे ती फाइलही सांगत नाही. ब्लेंडरमध्ये डोक्याचा झेड कानातून बाहेर येत असेल तर तो गोडोतही कानातूनच येतो, आणि आर्मेचरवर विसरलेला ०.१ तिथंही काठीला १५ सेंटिमीटरची करतो.